हेडफोन जोडलेला, आवाज मात्र लॅपटॉपच्या स्पीकरमधून: घणसोलीतलं एक प्रकरण

ब्लूटूथ हेडफोन लॅपटॉपला जोडला जातो, स्क्रीनवर Connected दिसतं, पण लेक्चरचा आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरमधून येतो, अशी ही तक्रार होती. घर घणसोलीतलं, एक खोली आणि स्वयंपाकघर. मुलगी सीए इंटरमिजिएटची तयारी करते. तिचे वडील रबाळे एमआयडीसीत रात्रपाळी करतात, सकाळी घरी येऊन चहा घेतात आणि त्याच खोलीत झोपतात. लेक्चरची वेळही तीच. त्यामुळे हा दोष ‘सध्या चालवून घे’ म्हणण्यासारखा नव्हता. काकूंनी मला तेच सांगितलं, “ही अभ्यासाला बसली की ह्यांची झोप मोडते, आणि हे झोपले की हिचा अभ्यास बुडतो.”

मी जाईपर्यंत घरच्यांनी बरंच काही करून पाहिलं होतं. हेडफोनची जोडणी काढून पुन्हा जोडली, हेडफोन रीसेट केला, ब्लूटूथचा ड्रायव्हर काढून परत टाकला. जवळच्या एका दुकानात दाखवल्यावर ‘लॅपटॉपचं ब्लूटूथ कार्ड गेलंय, बाहेरून डोंगल लावा’ असा सल्ला मिळाला. हाच हेडफोन मुलीच्या मोबाइलवर व्यवस्थित चालत होता, म्हणून संशय लॅपटॉपवर होता आणि तो बरोबरच होता. फक्त तो लॅपटॉपच्या चुकीच्या भागावर होता. ब्लूटूथचं कार्ड खराब असतं तर हेडफोन जोडला गेला नसता, मध्येच तुटला असता किंवा आवाज खरखरला असता. इथे जोडणी अर्धा-अर्धा तास न तुटता टिकत होती आणि स्पीकरमधला आवाज स्वच्छ होता. म्हणजे आवाज तयार होत होता आणि हेडफोनपर्यंतची वाटही उघडी होती. आवाज त्या वाटेने जात नव्हता, इतकंच.

जोडणी वेगळी, आवाजाची वाट वेगळी

हेडफोन जोडला जातो तेव्हा विंडोज काय करते ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ब्लूटूथची जोडणी झाली की विंडोज त्या हेडफोनसाठी आवाजाचं एक नवं ‘आउटपुट’ तयार ठेवते. लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरचं आउटपुट आधीपासून असतंच. एचडीएमआय वायरने टीव्ही लावला तर त्याचं तिसरं येतं. यातलं एक आउटपुट विंडोज ‘डीफॉल्ट’ मानते, म्हणजे कुणी वेगळं काही सांगितलं नसेल तर आवाज तिथे जातो.

नवा हेडफोन पहिल्यांदा जोडला की बहुतेक वेळा विंडोज स्वतःहून त्याला डीफॉल्ट करते. म्हणून लोकांची समजूत होते की जोडला म्हणजे आवाज तिकडे गेलाच. पण हेडफोन जोडलेला असताना कुणी एकदा हाताने स्पीकर निवडला, तर ती निवड विंडोज लक्षात ठेवते. पुढच्या वेळी हेडफोन जोडला जातो, यादीत येतो, पण आवाज स्पीकरवरच राहतो. Connected हा शब्द फक्त ब्लूटूथच्या जोडणीबद्दल बोलतो. आवाज कुठे चालला आहे, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

यावर आणखी एक थर आहे, आणि या प्रकरणाची खरी गाठ तिथेच होती. विंडोजमध्ये प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळं आउटपुट ठरवून ठेवता येतं. एखाद्या अ‍ॅपला तसं ठरवून दिलेलं असेल, तर ते डीफॉल्ट काय आहे हे बघतच नाही. सोसायटीच्या गच्चीवर दोन टाक्या असाव्यात, मुख्य व्हॉल्व्ह फिरवून सगळ्या इमारतीचं पाणी नव्या टाकीवर घ्यावं, आणि एका न्हाणीघराचा पाइप मात्र कुणीतरी पूर्वीच थेट जुन्या टाकीला जोडून ठेवलेला असावा, तसं हे आहे. मुख्य व्हॉल्व्ह कितीही वेळा फिरवला तरी त्या एका नळाला जुन्याच टाकीचं पाणी येत राहणार.

तपासणी

लॅपटॉपवर विंडोज ११ होतं. मी आधी Settings मध्ये Bluetooth & devices उघडलं. हेडफोनच्या नावाखाली “Connected voice, music” असं लिहिलेलं होतं. या ओळीकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत, पण ती महत्त्वाची आहे. music म्हणजे गाणी आणि लेक्चर ज्या चांगल्या प्रतीच्या स्टिरिओ वाटेने जातात ती वाट उघडी आहे. voice म्हणजे फोनवर बोलताना जी वाट लागते, ज्यात माइकही चालतो, ती उघडी आहे. इथे दोन्ही शब्द होते. ब्लूटूथच्या बाजूची माझी तपासणी इथेच संपली.

मग कीबोर्डवर विंडोजचं बटण, Ctrl आणि V एकत्र दाबलं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये या तीन बटणांनी आउटपुटची यादी थेट उघडते. जुनी आवृत्ती असेल तर खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून, आवाजाच्या पट्टीशेजारच्या छोट्या बाणाने तीच यादी मिळते. यादीत दोन नावं होती, Speakers (Realtek(R) Audio) आणि हेडफोनचं नाव. निवडलेला होता स्पीकर.

मी हेडफोन निवडला आणि आवाजाची पट्टी थोडी सरकवली. पट्टी सोडली की विंडोज एक छोटा ‘टिंग’ आवाज करते. तो हेडफोनमध्ये ऐकू आला. मुलगी म्हणाली, “दादा, हे मीपण केलं होतं. टिंग तिकडे वाजतं. पण लेक्चर लावलं की परत बाहेरून येतं.”

दुकानदाराने हे वाक्य ऐकून घेतलं असतं, तर डोंगलचं नाव निघालंच नसतं. विंडोजचा स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये जातो आणि लेक्चरचा जात नाही, म्हणजे डीफॉल्ट आउटपुट बरोबर आहे आणि ते एक अ‍ॅपच ऐकत नाही. ती लेक्चर क्रोममध्ये बघायची. म्हणून मी एज ब्राउझर उघडायला लावला आणि त्यात कुठलाही एक व्हिडिओ लावायला सांगितलं. आवाज हेडफोनमध्ये आला. तोच व्हिडिओ क्रोममध्ये लावला, तर आवाज स्पीकरमधून. लॅपटॉप तोच, हेडफोन तोच, व्हिडिओही तोच. बदलला तो फक्त ब्राउझर. इथून पुढे हेडफोनला हात लावायचं कारणच उरलं नाही.

तरीही मी एक पायरी घेतली, कारण तिने डोळ्यांना दिसतं की आवाज नेमका कुठे चाललाय. विंडोज बटण आणि R दाबून हे टाइप केलं:

```
mmsys.cpl
```

यातून आवाजाची जुनी खिडकी उघडते. तिच्या Playback या पानावर सगळी आउटपुट एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येकाच्या उजवीकडे उभी पट्टी असते. ज्या आउटपुटकडे आवाज जातो, त्याचीच पट्टी हिरवी होऊन वरखाली हलते. क्रोममध्ये लेक्चर चालू केलं. हिरवी खूण, म्हणजे डीफॉल्टची खूण, हेडफोनवर होती, पण पट्टी हलत होती ती स्पीकरची. लेक्चर थांबवून एजमध्ये व्हिडिओ लावला की हेडफोनची पट्टी हलायची.

स्पीकर आणि हेडफोन यांच्यात गोंधळ असेल तेव्हा ही पट्टी मला सगळ्यात भरवशाची वाटते. कानाने आवाज कुठून येतो ते कळतं, पण तो कुठे पाठवला गेला हे कळत नाही. समजा हेडफोनची पट्टी हलते आहे आणि कानात काहीच येत नाही. मग विंडोजने आपलं काम केलेलं असतं आणि दोष हेडफोनच्या बाजूला असतो. बऱ्याचदा असा हेडफोन एकाच वेळी मोबाइललाही जोडलेला असतो आणि त्या क्षणी मोबाइलचं ऐकत बसलेला असतो. त्या स्थितीत लॅपटॉपचे स्पीकरही गप्प असतात. म्हणून मी तक्रार ऐकतानाच विचारतो की आवाज स्पीकरमधून येतो की कुठूनच येत नाही. पहिल्या उत्तराला लॅपटॉपची सेटिंग तपासायची, दुसऱ्याला हेडफोन आणि मोबाइल.

गाठ सापडली

Settings मध्ये System, त्यात Sound, त्यात Volume mixer. इथे खाली Apps अशी यादी असते. तिच्यात सध्या आवाज करणारी किंवा नुकताच आवाज केलेली अ‍ॅप दिसतात, म्हणून आधी क्रोममध्ये लेक्चर चालू ठेवलं. हे न करता पान उघडलं, तर हवं ते अ‍ॅप यादीत नसतं आणि माणूस ‘इथे काहीच नाही’ म्हणून परत फिरतो. मुलीच्या मामेभावाने हे पान एकदा उघडून पाहिलं होतं आणि त्याचं तसंच झालं होतं.

क्रोमच्या ओळीच्या उजवीकडचा बाण दाबला की त्या एका अ‍ॅपचं Output device दिसतं. तिथे Default असायला हवं होतं. होतं Speakers (Realtek(R) Audio).

हे कुणी केलं, ते धाकट्या भावाला विचारल्यावर कळलं. त्याने काही वाकडं केलं नव्हतं. एचडीएमआय वायरने लॅपटॉप टीव्हीला जोडून तो क्रोममध्ये क्रिकेटची मॅच लावायचा. एकदा टीव्हीवर चित्र आलं, पण आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने याच पानावर जाऊन क्रोमचं आउटपुट टीव्ही केलं. मॅच संपल्यावर आठवणीने परत येऊन आधीसारखं करायचं म्हणून Speakers निवडलं. त्याच्या दृष्टीने पूर्वी आवाज स्पीकरमधून यायचा आणि आता परत तिथूनच यायला लागला, म्हणजे सगळं जागच्या जागी बसलं.

पण ते तसं बसलं नव्हतं. पूर्वी तिथे Default होतं, आणि डीफॉल्ट त्या वेळी स्पीकर होता. त्याने Default च्या जागी Speakers लिहून ठेवलं. हेडफोन नसताना या दोन्हींत काडीचाही फरक जाणवत नाही, कारण आवाज एकाच ठिकाणाहून येतो. फरक कळतो तो हेडफोन जोडल्यावर. Default म्हणजे ‘विंडोज सध्या जिथे म्हणेल तिथे’, आणि Speakers म्हणजे ‘काही झालं तरी स्पीकरमध्येच’. मॅच आणि हेडफोनची तक्रार यांच्यात बरेच दिवस गेले होते, म्हणून दोन्हींचा संबंध घरात कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

आधीचे सगळे उपाय का फसले, तेही यावरून समजतं. हेडफोनची जोडणी काढा, पुन्हा करा, ब्लूटूथचा ड्रायव्हर बदला, अगदी नवा डोंगल आणा. क्रोमच्या नावापुढे लिहिलेलं आहे स्पीकरचं नाव, आणि ब्लूटूथची कितीही उलथापालथ केली तरी ते नाव पुसलं जात नाही. लॅपटॉप बंद करून सुरू केला तरी ते तसंच राहतं. डोंगलवर पैसे घातले असते, तर लेक्चर पहिल्याच दिवशी पुन्हा स्पीकरमधून वाजलं असतं.

क्रोमचं Output device पुन्हा Default केलं, क्रोम पूर्ण बंद करून उघडलं आणि लेक्चर लावलं. आवाज हेडफोनमध्ये. अ‍ॅप बंद करून उघडण्याची गरज दर वेळी पडते असं नाही. काही अ‍ॅप चालू असतानाच नव्या आउटपुटवर सरकतात, काही उघडताना जे आउटपुट धरलं तेच शेवटपर्यंत धरून बसतात. सेटिंग बरोबर करूनही फरक पडला नाही असं वाटलं, तर ती परत बदलण्याआधी अ‍ॅप एकदा बंद करून बघावं.

याच पानाच्या तळाशी एक Reset बटण आहे. त्याने सगळ्या अ‍ॅपची आउटपुट आणि त्यांचे वेगवेगळे आवाज एकदम मूळ स्थितीत येतात. नेमकं कुठलं अ‍ॅप अडलंय ते कळत नसेल तर ते वापरायला हरकत नाही. इथे मी मुद्दाम वापरलं नाही. एका झटक्यात सगळं पुसलं असतं तर लेक्चर सुरू झालं असतं, पण पुढच्या मॅचनंतर तेच पुन्हा झालं असतं आणि घरात कुणालाही कारण कळलं नसतं.

विंडोज १० वर हेच पान Sound च्या खाली App volume and device preferences या नावाने आहे. तिथे आणखी एक घोळ होतो. एकाच हेडफोनची दोन आउटपुट दिसतात, एकाच्या नावात Stereo आणि दुसऱ्याच्या नावात Hands-Free. लेक्चर ऐकायचं तर Stereo असलेलं निवडायचं. विंडोज ११ मध्ये ही दोन्ही एकाच नावाखाली आणलेली आहेत.

झूमची वेगळी कहाणी

रेकॉर्ड केलेली लेक्चर मार्गी लागली. आठवड्यातून काही वेळा तिचा शंकानिरसनाचा तास थेट झूमवर असतो. ती म्हणाली, “झूमचं पण तसंच आहे, दादा.” लक्षण तेच होतं, पण मूळ वेगळं. Volume mixer मध्ये झूमच्या पुढे Default च होतं.

झूमसारखी बोलण्याची अ‍ॅप स्वतःची निवड स्वतःजवळ ठेवतात. झूमच्या Settings मध्ये Audio या पानावर Speaker पुढे एक यादी असते. त्यात Same as System असा पर्याय असतो आणि त्याखाली प्रत्येक आउटपुटचं नाव. इथे नाव निवडलेलं होतं ते स्पीकरचं. पुन्हा तोच प्रकार: ‘विंडोज म्हणेल तिथे’ याऐवजी एक ठरावीक जागा. Same as System केल्यावर झूमही हेडफोनमध्ये आलं. तास चालू असताना हेच करायचं तर माइकच्या चिन्हाशेजारच्या छोट्या बाणात Select a Speaker ही यादी मिळते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मीटिंगच्या सेवांमध्येही बहुधा अशी वेगळी निवड असते, आणि ती त्या-त्या साइटच्या सेटिंगमध्ये शोधावी लागते.

झूम हेडफोनमध्ये आल्यावर मात्र मुलीचा चेहरा पडला. सरांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. हा बिघाड नव्हता, ही ब्लूटूथची मर्यादा आहे. वर voice आणि music अशा दोन वाटा सांगितल्या. music च्या वाटेने चांगला स्टिरिओ आवाज येतो, पण ती एकाच दिशेची आहे, त्यात माइक नसतो. झूमने हेडफोनचा माइक मागितला की सगळं voice च्या वाटेवर जातं, आणि तिथे ऐकण्याचा आवाजही फोनच्या दर्जाचा, एकाच चॅनेलचा होतो. नेहमीच्या हेडफोनमध्ये दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

यावरचा उपाय साधा आहे. झूममध्ये Speaker हेडफोन ठेवायचा आणि Microphone मात्र लॅपटॉपचा निवडायचा. तिच्या लॅपटॉपवर त्याचं नाव Microphone Array ने सुरू होत होतं. तसं केल्याबरोबर सरांचा आवाज मोकळा झाला. ती तासात क्वचितच बोलते, बोलते तेव्हा लॅपटॉपसमोरच बसलेली असते, त्यामुळे तिच्यासाठी हीच मांडणी योग्य. ज्याला दिवसभर कॉलवर बोलायचं असतं आणि आजूबाजूला पंखा, रस्ता, कुकरच्या शिट्ट्या असतात, त्याने हेडफोनचा माइक ठेवावा आणि ऐकण्यातली घट स्वीकारावी, असं माझं मत आहे.

हेडफोन मध्येच बंद पडला तर

इथवर झाल्यावर काकूंनी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. “आणि हिच्या हेडफोनची बॅटरी मध्येच संपली तर?”

हेडफोन बंद पडला की विंडोज त्याच क्षणी दुसऱ्या उपलब्ध आउटपुटवर जाते, म्हणजे इथे स्पीकरवर. लेक्चर थांबेलच असं नाही, ते खणखणीत आवाजात बाहेर वाजू लागतं. सेटिंग बरोबर असली तरी हे होणारच. यावर काहीजण mmsys.cpl च्या खिडकीत जाऊन स्पीकर Disable करून टाकतात. मी तसं सुचवत नाही. हेडफोन घरी नसला की लॅपटॉप मुका होतो, आणि काही आठवड्यांनी कुणालाच आठवत नाही की स्पीकर आपणच बंद केले होते. मग लॅपटॉप पुन्हा दुकानात जातो.

त्यापेक्षा विंडोजची एक चांगली सवय वापरावी. प्रत्येक आउटपुटचा आवाज ती वेगळा लक्षात ठेवते. हेडफोनचा आवाज साठ टक्के आणि स्पीकरचा शून्य, असं एकाच वेळी असू शकतं. आम्ही यादीतून स्पीकर निवडला, म्यूट केला, मग परत हेडफोन निवडला. हेडफोनचा आवाज जसाच्या तसा होता. नंतर लेक्चर चालू असताना मुलीने मुद्दाम हेडफोन बंद केला. आवाज स्पीकरवर गेला, पण स्पीकर म्यूट असल्यामुळे खोलीत काहीच ऐकू आलं नाही. खालच्या पट्टीवर म्यूटचं चिन्ह दिसतं, तेव्हा स्पीकर हवा असेल त्या दिवशी एका क्लिकवर परत मिळतो. वडील त्या वेळी आतल्या बाजूला झोपलेलेच होते, आणि ते कुशीवरही वळले नाहीत.

हेडफोन यादीतच नसेल तेव्हा

या प्रकरणात हेडफोन आउटपुटच्या यादीत होता, म्हणून काम निवडीपुरतं राहिलं. Connected दिसतं पण यादीत हेडफोनच नाही, अशीही घरं भेटतात. तिथे वरचं काहीही लागू पडत नाही.

अशा वेळी पहिल्यांदा ब्लूटूथच्या पानावर नाव नीट वाचावं. काही हेडफोन जोडणीच्या यादीत दोनदा दिसतात, एकदा साध्या नावाने आणि एकदा त्याच नावाआधी LE लावून. LE वाली जोडणी कमी विजेवर चालते आणि ती हेडफोनच्या मोबाइल अ‍ॅपसारख्या कामांसाठी ठेवलेली असते. लॅपटॉपने चुकून तिच्याशी गाठ मारली, तर Connected दिसतं आणि आवाजाचं आउटपुट तयारच होत नाही. ती नोंद काढून टाकायची आणि साध्या नावाची जोडायची. नावाखाली फक्त “Connected voice” दिसत असेल, music हा शब्दच नसेल, तर स्टिरिओ वाट उघडलेली नाही. तेव्हा हेडफोन काढून, मोबाइलचं ब्लूटूथ काही वेळ बंद ठेवून, नव्याने जोडणं योग्य. म्हणजे जो उपाय घणसोलीच्या घरात वाया गेला, तोच इथे खरा उपाय ठरतो.

नाव बरोबर आहे, music ही दिसतं, तरी यादीत नाही, तर mmsys.cpl च्या Playback पानावर मोकळ्या जागेत उजवं क्लिक करून Show Disabled Devices वर खूण करावी. कुणी हेडफोनचं आउटपुट पूर्वी बंद केलेलं असेल तर ते फिकट रंगात दिसू लागतं. त्यावर उजवं क्लिक करून Enable केलं की काम होतं.

निघण्याआधी मी धाकट्याला बसवून टीव्हीचं दाखवलं, कारण मॅच तो पुन्हा लावणारच आणि लावावीही. वायर जोडली की Volume mixer कडे जायचंच नाही. विंडोज बटण, Ctrl आणि V दाबायचं, यादीतून टीव्ही निवडायचा, मॅच बघायची. वायर काढली की टीव्ही यादीतून जातो आणि विंडोज पुन्हा उरलेल्या आउटपुटवर येते. कुठल्याच अ‍ॅपच्या पुढे काही लिहून ठेवलं जात नाही. त्याने ते माझ्यासमोर करून पाहिलं. टीव्हीवर आवाज आला, वायर काढली, बहिणीने हेडफोन लावून क्रोममध्ये लेक्चर उघडलं आणि ते हेडफोनमध्येच वाजलं.